स्वागत आणि परिचय: एका व्याख्यानाआधीची बेचाळीस मिनिटं

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय दरवर्षी जानेवारीत तीन दिवसांची व्याख्यानमाला घेतं. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासूनची ही रीत लहान गावांतल्या वाचनालयांनीही जपली आहे, आणि आमचं त्यातलंच एक. मी तिथे कार्यकारिणीवर आहे. व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे असतं, म्हणून पहिल्या नमस्कारापासून शेवटच्या पसायदानापर्यंतचं सगळं माझ्याकडे साठलेलं आहे. त्यातल्या एका संध्याकाळचं हे प्रकरण. स्वागत कुठे संपतं आणि परिचय कुठे सुरू होतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

विषय होता ‘आपल्या विहिरींचं पाणी येतं कुठून’. व्याख्यात्या भूवैज्ञानिक होत्या आणि भूजलाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. आमचा भाग विहिरींचा असल्यामुळे सभागृह पावणेसहालाच भरलं. नेहमी न दिसणारी शेतकरी मंडळी मागच्या खुर्च्यांवर येऊन बसली होती.

पत्रिकेवर वेळ सहाची होती. कार्यक्रम सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला आणि व्याख्यात्या बोलायला उठल्या तेव्हा सहा बावन्न झाले होते. मधली बेचाळीस मिनिटं कुठे गेली, ते मी दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण ऐकून कागदावर मांडलं. दीपप्रज्वलनाला पाच मिनिटं लागली, कारण पंख्याच्या वाऱ्याने समईची वात दोनदा विझली. स्वागत बारा मिनिटं चाललं. शाल-श्रीफळाला सात मिनिटं गेली, परिचयाला दहा. उरलेली आठ मिनिटं निवेदनाची, म्हणजे एकाला बोलावणं, त्याचे आभार मानणं आणि पुढच्याला बोलावणं यांची.

उशीर झाला हे खरं, पण आमच्याकडे तो दरवर्षीच होतो. त्या दिवशी वेगळंच काही घडलं. व्याख्यात्या माइकसमोर आल्या, हातातल्या कागदांवर नजर टाकली, वरचा कागद काढून घडी घातला आणि पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, “विहिरीची गोष्ट तुम्हाला आता माहीत झालीच आहे, तेव्हा आपण थेट नकाशापासून सुरुवात करू.” नकाशावर दख्खनच्या पठाराचे काळ्या खडकाचे थर होते. पहिल्या वीस मिनिटांत मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. व्याख्यान उत्तम होतं, पण त्यात शिरायचं दार बंद झालं होतं.

त्या घडी घातलेल्या कागदावर काय होतं, ते त्यांनी चहाच्या वेळी वाचनालयाच्या पायरीवर बसून मला सांगितलं. १९७२च्या दुष्काळात त्या नऊ वर्षांच्या होत्या. गावच्या विहिरीत तळाशी ओंजळभर पाणी साचायचं आणि ते उपसायला हलकं माणूस लागायचं. म्हणून मुलीच्या कमरेला दोर बांधून तिला खाली सोडायचे. ती तांब्याने पाणी कळशीत भरायची आणि कळशी वर जायची. खाली थांबलं की भिंतीच्या खडकावर एक ओली रेघ दिसायची. ती आडवी होती, सगळ्या बाजूंनी एकाच उंचीवर. तिच्या वर कोरडा कातळ आणि खालीही कोरडा कातळ, पाणी झिरपायचं ते त्या रेघेतूनच. ती रेघ म्हणजे काय हे पुढे शिकल्यावर समजलं. लाव्ह्याचा एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला, आणि दोघांच्या मधली फट पाण्याची वाट झाली. व्याख्यानाची सुरुवात त्या याच प्रश्नाने करणार होत्या: तुमच्या विहिरीत ती रेघ किती परसावर आहे?

मागच्या खुर्च्यांवरच्या प्रत्येक माणसाकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. परस म्हणजे पुरुषभर खोली, आणि आपली विहीर किती परसांची हे इथे पोरांनासुद्धा ठाऊक असतं. प्रश्न मात्र विचारलाच गेला नाही, कारण ही गोष्ट त्याआधी दोन माणसांनी सांगून टाकली होती.

आधी अण्णांनी सांगितली. अण्णा आमचे अध्यक्ष आहेत आणि पत्रिकेवर त्यांच्या नावापुढे ‘स्वागत व प्रास्ताविक’ असं होतं. त्यांनी व्यासपीठावरच्या पाचही जणांची नावं घेतली, वाचनालयाचा इतिहास सांगितला आणि व्याख्यानमालेच्या देणगीदार कुटुंबाचा उल्लेख केला. मग, त्यांच्याच शब्दांत, “आजच्या पाहुण्यांविषयी दोन शब्द” बोलायला घेतले. ते दोन शब्द साडेचार मिनिटांचे झाले. जन्मगाव, शिक्षण, चौतीस वर्षांची नोकरी, एक पुरस्कार आणि शेवटी विहीर. विहिरीची गोष्ट त्यांनी “एवढ्या हलाखीतून त्या वर आल्या” अशा वाक्याने संपवली.

नंतर सर उठले. सर निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि गेली कित्येक वर्षं पाहुण्यांचा परिचय त्यांच्याकडेच असतो. वाणी स्वच्छ, पाठांतर पक्कं. त्यांनीही पुन्हा स्वागतानेच सुरुवात केली: “आपल्या अत्यंत व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून, आमच्या विनंतीला मान देऊन…” त्यानंतर जन्मगाव, शिक्षण, एकतीस वर्षांची नोकरी, तोच पुरस्कार आणि तीच विहीर. सरांच्या तोंडी गोष्ट जास्त रंगली. मुलगी खाली घाबरली, वरून आईचा आवाज आला, सभागृह हेलावलं. शेवट मात्र तसाच झाला, कष्टातून यश.

दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नाही आणि दोघांच्याही मनात पाहुण्यांविषयी आदरच होता. पण गोष्टीचा विषय बदलला. बाईंच्या मनात ती खडकातल्या रेघेची गोष्ट होती. आमच्या व्यासपीठावर ती गरिबीची झाली, आणि तीही दोनदा. तिसऱ्यांदा ती रेघेची म्हणून सांगणं कोणत्याही व्याख्यात्याला जड गेलं असतं. ऐकणाऱ्यांनी आधीच हळहळ वाटून घेतलेली असते, पुन्हा तिकडे वळून बघायला त्यांचं मन तयार नसतं.

चौतीस आणि एकतीस यांचा उलगडाही पायरीवरच झाला. अण्णांकडे बाईंनी त्या वर्षी पाठवलेलं परिचयपत्र होतं. सरांनी दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या स्मरणिकेतला मजकूर घेतला होता, बाईंच्या नोकरीची तीन वर्षं बाकी असताना छापलेला. दोन माणसं एकच माहिती सांगतात तेव्हा एक तर ती पुन्हा सांगितली जाते, नाहीतर एकमेकांना छेद देते. त्या दिवशी आमच्याकडे दोन्ही झालं. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने शेजारच्याला “मग खरं किती?” असं विचारलेलं मुद्रणात ऐकू येतं.

मी दोन्ही भाषणं उतरवून काढली. प्रत्येक वाक्यापुढे दोनच गोष्टी लिहिल्या: हे कोणाला उद्देशून आहे, आणि कोणाविषयी आहे. पहिल्या पानावरच फरक दिसायला लागला, कारण तो व्याकरणातच होता. स्वागताची खरी वाक्यं ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यातली होती. आम्ही या घरचे, आपण आमच्याकडे आलात. यातल्या ‘आपण’मध्ये व्यासपीठावरचे पाहुणे येतात आणि शेवटच्या खुर्चीवरचा शेतकरीही येतो. परिचयाची खरी वाक्यं ‘त्या’ची होती, श्रोत्यांकडे तोंड करून एका व्यक्तीविषयी बोललेली. अण्णांचं भाषण आठव्या मिनिटाला ‘आपण’वरून ‘त्या’वर गेलं. तिथेच स्वागत संपून परिचय सुरू झाला होता, फक्त माणूस बदलला नव्हता. सरांचा परिचय उलट दिशेने घसरला होता. सुरुवातीची दीड मिनिटं ते श्रोत्यांकडे पाठ करून बाईंशी बोलत होते: आपण आलात, आम्ही धन्य झालो. हे अण्णा आधीच म्हणून झाले होते.

यजमानपणाचं काम स्वागताचं आहे. घर कोणाचं, निमित्त काय, कोण कोण आलं, कोणामुळे हे शक्य झालं, हे सगळं त्यात येतं. साहित्य संमेलनातली स्वागताध्यक्षांची जागा पाहिली की ही विभागणी स्वच्छ दिसते. स्वागताध्यक्ष हे यजमान गावाचे असतात आणि त्यांनी बोलायचं ते त्या मातीविषयी, तिथल्या परंपरेविषयी, आलेल्यांना आपलं म्हणण्याविषयी. संमेलनाध्यक्षांच्या लेखनाची थोरवी सांगण्यासाठी ती जागा निर्माण झालेली नाही. आमच्यासारख्या छोट्या कार्यक्रमात माणसं कमी, जागा कमी, म्हणून ही कामं एकमेकांत मिसळतात.

परिचयाचं काम याहून लहान आणि जास्त नेमकं आहे. समोरच्या लोकांचं लक्ष या विषयावरून या व्यक्तीकडे न्यायचं आणि तिच्या हाती देऊन बाजूला व्हायचं. त्यासाठी श्रोत्याला एवढंच कळलं पाहिजे की या विषयावर या व्यक्तीचं का ऐकायचं. जन्मगाव कळून ते कळत नाही. पुरस्काराचं नाव कळूनही बहुतेकदा कळत नाही. “यांनी आयुष्यभर विहिरी उतरून पाहिल्या आहेत” असं म्हटलं की कळतं.

मग मी दोन्ही मजकूर नव्याने लिहून पाहिले. ती संध्याकाळ पुन्हा मिळाली असती तर काय म्हटलं असतं, या हिशोबाने. स्वागत असं झालं:

“नमस्कार. आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेच्या दुसऱ्या दिवशी मी तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत करतो. आज मागच्या खुर्च्यांवर अशी बरीच मंडळी दिसताहेत, जी एरवी या वेळी रानात असतात. काम टाकून तुम्ही आलात, याचा वाचनालयाला विशेष आनंद आहे. हे घर तुमचंच आहे, पुस्तकांसाठीही यावं. आजच्या व्याख्यात्या लांबचा प्रवास करून आपल्याकडे आल्या आहेत. ताई, गावाच्या वतीने तुमचं स्वागत. आजचं पुष्प ज्यांच्या स्मरणार्थ गुंफलं जातं, त्यांचं कुटुंब पहिल्या रांगेत आहे, त्यांचंही स्वागत. मार्चपासून आपल्याकडे टँकरची वाट बघणं सुरू होतं. यंदा ती वेळ यायच्या आधी पाण्याविषयी ऐकावं, म्हणून हा विषय ठेवला. व्याख्यात्यांची ओळख सर करून देतील.”

हे सावकाश वाचलं तरी दीड मिनिटात होतं. स्वतंत्र प्रास्ताविक नसेल तर त्यात वाचनालयाच्या वर्षभराच्या कामाची आणखी मिनिटभर भर घालावी, कारण त्याची जागा इथेच आहे. या मजकुरात व्याख्यात्यांचा उल्लेख आहे पण चरित्र नाही. एका वाक्यात त्या लांबून आल्याचं सांगितलं आहे, दुसऱ्यात थेट त्यांच्याशी बोललं आहे. विषय का निवडला ते आलं आहे, विषयात काय आहे ते आलेलं नाही.

स्वागताची माझी कसोटी अशी: व्याख्यात्यांची गाडी चुकली आणि ऐन वेळी दुसरं कोणी बोलायला उभं राहिलं, तरी हे स्वागत एकदोन वाक्यं बदलून उभं राहिलं पाहिजे. अण्णांचं मूळ भाषण राहिलं नसतं. त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पाहुण्यांवर टेकलेला होता.

आणि हा परिचय:

“आपल्याकडे विहीर खणताना लोक वरून बघतात. झाड बघतात, वारूळ बघतात, पाणाड्या नारळ घेऊन फिरतो. आजच्या व्याख्यात्यांनी आयुष्यभर विहीर आतून पाहिली आहे. भूजलाच्या सरकारी कामात त्यांची चौतीस वर्षं गेली आणि त्यात त्या गावोगावच्या विहिरींत उतरल्या, प्रत्येकीतल्या खडकाच्या थरांची नोंद केली. एकाच शिवारात एक विहीर उन्हाळाभर चालते आणि पन्नास पावलांवरची दुसरी डिसेंबरात आटते, असं का, हे त्यांनी त्या नोंदींतून शोधलं. आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रश्न कधी ना कधी कपाळाला हात लावून विचारला आहे. आज तो त्यांनाच विचारू. बोलताहेत…”

आणि मग नाव. नाव शेवटी, पूर्ण, एकदाच, आणि त्यानंतर एकही शब्द नाही. मूळ परिचयात नाव सात वेळा आलं होतं, त्यामुळे शेवटी पुकारलं तेव्हा टाळ्या कधी वाजवायच्या हेच लोकांना समजलं नाही.

परिचयाची कसोटी स्वागताच्या उलटी आहे. याच व्यक्तीने उद्या दुसऱ्या विषयावर व्याख्यान दिलं, तर हा परिचय तिथे चालता कामा नये. बाई ‘नोकरी करणाऱ्या स्त्रीचं क्षेत्रातलं काम’ या विषयावर बोलणार असत्या तर विहिरीत उतरण्याचंच काम वेगळ्या बाजूने सांगावं लागलं असतं. तिथे कदाचित साडीचा ओचा खोचून दोर धरण्याची हकीकत शोभली असती. सरांचा परिचय कुठेही चालला असता, कारण तो विषयाचा नव्हता, परिचयपत्राचा होता.

लहानपणीची गोष्ट मी दोन्ही मजकुरांतून काढली आहे. ती वाईट होती म्हणून काढली असं नाही, चांगली होती म्हणूनच काढली. परिचयपत्रात सर्वांत सुंदर गोष्ट दिसली की ती आपण सांगावी असं वाटणारच. पण जी गोष्ट व्यक्तीने स्वतः अनुभवली आहे आणि विषयाशी घट्ट बांधलेली आहे, ती बहुतेकदा व्याख्यानाच्या पहिल्या पानावर असते. ती व्याख्यात्याची असते. शंका असेल तर एक फोन करावा. “तुम्ही सुरुवात कशाने करणार आहात, म्हणजे आम्ही ते आधी बोलणार नाही,” एवढं विचारलं तर कोणालाही राग येत नाही. आम्ही आतापर्यंत अनेकांना विचारलं आहे. प्रत्येकाने सांगितलं, आणि काहींनी असं कोणी विचारत नाही म्हणून समाधान व्यक्त केलं.

हे सगळं मी कार्यकारिणीच्या बैठकीत मांडलं तेव्हा अण्णा दुखावले. आवाज न चढवता म्हणाले, “पाहुणी आपल्या दारात आली आणि घरच्या कर्त्याने तिच्याविषयी अवाक्षर काढायचं नाही? लोक काय म्हणतील, ओळखतसुद्धा नाही म्हणतील.” या बोलण्यात तथ्य आहे, आणि बहुतेक स्वागतं इथूनच लांबत जातात. यजमानाला पाहुण्याविषयीचा आदर दाखवायचा असतो, आणि आदर म्हणजे पदव्या सांगणं, असा आपला समज झाला आहे. आमच्या वहिनी कार्यकारिणीत आहेत, त्यांनी यावर उत्तर दिलं. “घरी पाहुणे आले की आपण त्यांना पाणी देतो, बसा म्हणतो, प्रवास कसा झाला विचारतो. त्यांच्यासमोर शेजाऱ्यांना त्यांचा पगार सांगत नाही.” अण्णा हसले आणि विषय पुढे सरकला. नंतर स्वागताच्या मजकुरात “ताई, गावाच्या वतीने तुमचं स्वागत” यासारखं थेट, समोर बघून म्हणायचं वाक्य कायम ठेवायचं असं ठरलं. ते वाक्य अण्णा मान तुकवून म्हणतात, आणि साडेचार मिनिटांच्या चरित्रात नव्हता एवढा मान त्यात येतो.

सरांची अडचण वेगळी होती. चरित्र काढून घेतलं तर परिचयात उरतं काय, असं त्यांना वाटत होतं. पुढच्या वर्षी त्यांनी एका कीटकशास्त्रज्ञाचा परिचय लिहिला तेव्हा पहिला खर्डा पुन्हा परिचयपत्राचाच होता. आम्ही दोघं त्यावर बसलो. शाळा, महाविद्यालय, पदव्या, पदं, पुरस्कार अशी ती उतरंड. मी सरांना म्हटलं, या पाच ओळींतली श्रोत्याला आज लागणारी ओळ कुठली? बराच वेळ विचार करून त्यांनी पदांच्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवलं: कापूस. मग परिचय कापसावरच्या बोंडअळीपासून सुरू झाला आणि माणूस तिच्यामागून आला. बाकीच्या चार ओळी पत्रिकेच्या मागच्या पानावर छापल्या, ज्याला वाचायच्या त्याने वाचाव्यात. सरांनी तो परिचय कागद न बघता, तीन मिनिटांत केला.

त्या वर्षी व्याख्याता सहा चोवीसला उभा राहिला. स्वागताला चार मिनिटं लागली, परिचयाला तीन, आणि सत्कार आम्ही व्याख्यानानंतर ठेवला. तरीही एक भोक राहिलंच, आणि ते निवेदनात होतं. निवेदन करणाऱ्या ताई हुशार आहेत, त्यामुळे प्रत्येक भाषणातला सार त्यांना लगेच पकडता येतो. अण्णा बसले की त्या म्हणायच्या, “अण्णांनी आत्ताच सांगितल्याप्रमाणे…” आणि स्वागत दोन वाक्यांत पुन्हा व्हायचं. सरांना बोलावताना, “ज्यांनी कापसाच्या किडींवर मोलाचं संशोधन केलं अशा पाहुण्यांचा परिचय करून देण्यासाठी…” म्हणजे परिचय सुरू होण्याआधीच त्याचं फळ काढून घेतलेलं. आम्ही त्यांना कागदावर फक्त नावं आणि कामं लिहून दिली: स्वागत, अण्णा. परिचय, सर. दोन भाषणांच्या मधली शांतता भरायची जबाबदारी निवेदकावर असते, हा आमच्याकडचा पक्का समज. तो मोडायला दोन वर्षं लागली, आणि अजूनही अधूनमधून तो डोकं वर काढतो.

मान्यवरांच्या नावांची यादी हाही असाच न संपणारा भाग. “व्यासपीठावर उपस्थित…” ही माळ आमच्याकडे स्वागतात, परिचयात, व्याख्यात्याच्या भाषणात आणि आभारात मिळून चारदा व्हायची. आता ती फक्त स्वागतात होते. सर “नमस्कार” म्हणतात आणि थेट विषयाला हात घालतात. गावातल्या एकदोघांना सुरुवातीला हे खटकलं. एका पदाधिकाऱ्यांनी विचारलंही, “सरांनी माझं नाव घेतलं नाही, काही नाराजी?” अण्णांनी स्वतः जाऊन समजावलं की नाव घराने घेतलं आहे, सर घराच्या वतीने बोलत नव्हते.

एकाच माणसाला दोन्ही कामं करायची वेळ येते तेव्हा काय, असं मला एका शेजारच्या गावच्या वाचनालयाने विचारलं. तिथे ग्रंथपालच सगळं करतात. त्यांना मी एवढंच सुचवलं की दोन्ही करा, पण मध्ये एकदा थांबा. स्वागत करताना पाहुण्यांकडे आणि लोकांकडे दोन्हीकडे बघा. मग पाण्याचा घोट घ्या, आणि परिचय फक्त लोकांकडे बघून करा. ‘आपण’ आणि ‘त्या’ एका वाक्यात आले की थांबायचं विसरलो, असं समजायचं.

त्याच गावाने तीन वर्षांनी भूवैज्ञानिक बाईंना बोलावलं. जागा शाळेच्या पटांगणातली, सत्तर-ऐंशी माणसं सतरंजीवर. मी मुद्रणासाठी गेलो होतो. ग्रंथपालांनी स्वागत केलं, पाणी प्याले, आणि मग विहिरी आतून पाहणाऱ्या बाई म्हणून चार वाक्यांत परिचय करून दिला. बालपण नाही, दुष्काळ नाही.

बाईंनी येताना पिशवीतून सुताच्या जाड दोराचं वेटोळं आणलं होतं. एकेका परसावर गाठ मारलेली. माइकजवळ येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता एक टोक खाली सोडलं. दोर टेबलावरून सतरंजीवर उलगडत गेला. लोक गाठी मोजू लागले. मग त्या म्हणाल्या, “मी नऊ वर्षांची असताना मला याने विहिरीत सोडलं होतं. खाली गेल्यावर भिंतीवर एक ओली रेघ दिसायची. तुमच्या विहिरीत ती किती परसावर आहे?”

तिसऱ्या ओळीतले फेटेवाले आजोबा म्हणाले, “सात.”

शेजारी बसलेले त्यांचे भाऊ म्हणाले, “साडेसात. उन्हाळ्यात सात दिसते.”

बाईंनी नकाशा अजून उघडला नव्हता. त्या दोर धरून त्या दोघांकडे गेल्या आणि सातव्या गाठीपाशी त्यांच्यामध्ये बसल्या.